पोटातून पाठीत जाणारी कळ

कॅज्युअल्टीत पोट धरून आलेल्या माणसाला अनुभवी डॉक्टर काही प्रश्न हमखास विचारतात. दुखायला कुठे लागलं, कळ पाठीत जाते का, आणि आडवं पडल्यावर वाढते का? शेवटचा प्रश्न पुष्कळदा विचारावाच लागत नाही. स्वादुपिंडाला सूज आलेला रुग्ण स्ट्रेचरवर उताणा पडायला तयारच नसतो. तो उठून बसतो, गुडघे पोटाशी घेतो आणि पुढे वाकून राहतो. त्यातल्या त्यात बरं वाटतं ते तेवढ्याच अवस्थेत.

याचं कारण स्वादुपिंडाच्या जागेत आहे. साधारण १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवी पसरलेली असते. आतडी ज्या पातळ पडद्याच्या आत असतात, त्या पडद्याच्याही ती मागे असते. तिला सूज आली की तिच्या मागचं मज्जातंतूंचं जाळं आधी चिडतं. म्हणून बरगड्यांच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खाली सुरू झालेलं दुखणं आरपार पाठीत गेल्यासारखं वाटतं. पोट दाबून पाहणाऱ्याच्या हाताला मात्र सुरुवातीला फारसं काही लागत नाही. रुग्ण कळवळतोय आणि पोट तर मऊच आहे, ही विसंगती नवख्या डॉक्टरला चकवते.

या दुखण्याची आणखी एक खूण आहे. पित्ताशयाची साधी कळ येते, चढते आणि बहुतेक वेळा सहा तासांच्या आत ओसरते. स्वादुपिंडाची कळ अर्ध्या तासात शिखर गाठते आणि तिथेच ठाण मांडते. ती तासन् तास, कधी दोन-तीन दिवस राहते. सोबत उलट्या होतात, आणि उलटी होऊन गेल्यावरही हलकं वाटत नाही. ॲसिडिटीचं दुखणं उलटीनंतर बरेचदा निवळतं. हे निवळत नाही.

ही ग्रंथी दिवसाला दीड ते दोन लिटर पाचक रस तयार करते. त्यातली काही रसायनं प्रथिनं तोडतात, काही चरबी, काही पिष्ट. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन इतकं जहाल असतं की ते ग्रंथीच्या आत निष्क्रिय रूपात साठवलेलं असतं. लहान आतड्यात पोचल्यावर तिथल्या एका एन्झाइममुळे ते जागं होतं आणि कामाला लागतं. आजारात नेमकं हेच बिघडतं. रस वाहण्याची वाट अडली किंवा पेशींना विषारी इजा झाली, तर ट्रिप्सिन ग्रंथीतच जागं होतं, सोबतच्या इतर रसायनांनाही जागं करतं, आणि ज्या ग्रंथीने ते बनवलं तिलाच पचवू लागतं. प्रागमध्ये काम करणाऱ्या हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये ही कल्पना मांडली, आणि तपशील पुष्कळ बदलले तरी तिचा गाभा आजही टिकून आहे.

मग प्रकरण ग्रंथीपुरतं राहत नाही. चरबी तोडणारं लायपेज आजूबाजूच्या चरबीवर तुटून पडतं. त्यातून सुटलेली मेदाम्लं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून गंभीर रुग्णाचं कॅल्शियम घसरतं. सुजेची रसायनं रक्तात उतरली की सगळ्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी ऊतींमध्ये झिरपतं, रक्तदाब पडतो, लघवी कमी होते आणि फुप्फुसांत पाणी भरतं. पोटदुखी म्हणून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनवर कसा गेला, याचं कोडं नातेवाइकांना पडतं ते यामुळे.

अशी वेळ सगळ्यांवर येत नाही, हेही सांगायला हवं. साधारण दहापैकी आठ रुग्णांचा आजार सौम्य असतो आणि आठवडाभरात ते घरी जातात. उरलेल्यांतल्या काहींचा मात्र जिवाशी खेळ असतो. पहिल्या दिवशी या दोन गटांतला फरक ओळखणं अवघड असतं, आणि म्हणूनच सौम्य वाटणाऱ्या रुग्णालाही निदान दोन दिवस नजरेखाली ठेवावं लागतं.

ही सूज येण्याची कारणं पुष्कळ आहेत. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी हजाराच्या पुढे जाणं, कॅल्शियम वाढणं, काही औषधं, पोटाला बसलेला मार. त्रिनिदाद बेटावरच्या एका विंचवाच्या दंशानेही ही सूज येते, आणि जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी तो विंचू आयुष्यात कधी पाहणार नसले तरी त्याचं नाव परीक्षेपुरतं पाठ करतात. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांच्या मागे दोनच कारणं असतात. पित्ताशयातले खडे आणि दारू.

खड्यांचा उलगडा कसा झाला, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या इतिहासातली एक चांगली शोधकथा आहे. १९०१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या नामवंत शल्यविशारदाने अशाच दुखण्याच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. रुग्ण दगावला. शवविच्छेदन केलं यूजीन ओपी या तरुण डॉक्टरने. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्यात जिथे एकत्र उघडतात, त्या तोंडाशी त्याला अडकलेला एक छोटासा खडा सापडला. खडा इतका लहान होता की त्याने बाहेरचं तोंड बंद केलं, पण मागच्या दोन नळ्यांमधला रस्ता मोकळाच राहिला. त्या रस्त्याने पित्त उलटं स्वादुपिंडात शिरलं आणि घात झाला, असं ओपीने मांडलं. पित्त उलटं शिरतं की केवळ अडथळ्याने दाब वाढतो, यावर पुढे शंभर वर्षं वाद झाला. गुन्हेगार कोण आणि गुन्ह्याची जागा कोणती, हे मात्र तेव्हाच ठरलं.

एक अडचण उरली होती. जगलेल्या रुग्णांमध्ये त्या तोंडाशी अडकलेला खडा बहुतेक वेळा सापडतच नसे. तो गेला कुठे? अर्जेंटिनातल्या हुआन अकोस्ता आणि लेदेस्मा या दोन डॉक्टरांनी याचं उत्तर शोधायचा अत्यंत अप्रिय पण बिनतोड मार्ग निवडला. त्यांनी रुग्णांची विष्ठा चाळणीतून गाळली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार स्वादुपिंडाची सूज आलेल्या ३६ रुग्णांपैकी ३४ जणांच्या विष्ठेत पित्ताचे खडे निघाले. पित्ताशयात खडे असूनही स्वादुपिंडाची सूज नसलेल्या तेवढ्याच रुग्णांमध्ये ते फक्त तिघांच्या विष्ठेत होते. म्हणजे खडा येतो, तोंडाशी काही काळ अडकतो, आग लावतो आणि पुढे निघून जातो.

या शोधातून निघणारी एक गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फक्त ३-४ मिलिमीटरचे बारीक खडे’ असं वाचून लोक सुटकेचा नि:श्वास सोडतात. पण मोठा खडा पित्ताशयाच्या बाहेर पडूच शकत नाही. पित्तनलिकेतून खाली घरंगळत त्या अरुंद तोंडाशी पोचतो तो बारीकच खडा. स्वादुपिंडाच्या दृष्टीने पाच मिलिमीटरच्या आतले, संख्येने पुष्कळ असलेले खडे जास्त धोक्याचे असतात.

आता एक उदाहरण तपशिलात पाहू. ही बाई कुणी एक व्यक्ती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांत नेहमी दिसणाऱ्या प्रसंगांतून तिची गोष्ट जुळवली आहे.

वय ४६, वजन ६० किलो, तीन मुलांची आई. गेल्या वर्षभरात तळलेलं खाल्ल्यावर दोन-तीनदा उजव्या बरगडीखाली कळ येऊन गेलेली. प्रत्येक वेळी ‘पित्त झालं’ म्हणून सोडा, ओवा आणि एक गोळी. एका रविवारी नात्यातल्या लग्नाहून आल्यावर रात्री अकराच्या सुमारास पोटाच्या वरच्या भागात दुखायला लागतं. बारा वाजेपर्यंत कळ पाठीत. तीन उलट्या. पहाटे जवळच्या डॉक्टरांकडून ॲसिडिटीचं इंजेक्शन, पण तासाभरात पुन्हा तेच. सकाळी आठला ती मोठ्या रुग्णालयात पोचते तेव्हा नाडी ११०, ओठ कोरडे, डोळ्यांत किंचित पिवळसर झाक.

पहिल्यांदा निघतो ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका कधी कधी अगदी अशाच पोटदुखीने आणि उलट्यांनी येतो, आणि चाळिशीच्या पुढच्या माणसात तो आधी नाकारावा लागतो. छातीचा एक्स-रे निघतो, कारण जठराला भोक पडलं असेल तर पडद्याखाली हवा दिसते. दोन्ही ठीक. मग रक्त. लायपेज २,४०० येतं. त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा ६० आहे. निदानासाठी जगभर वापरला जाणारा नियम सोपा आहे. नमुनेदार दुखणं, लायपेज किंवा अमायलेज मर्यादेच्या निदान तिप्पट, आणि स्कॅनमध्ये सूज, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. हिच्या बाबतीत दोन जुळल्या आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनची गरज नाही.

इथे नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात एक हमखास ओढाताण होते. ‘एवढं दुखतंय तर सीटी का नाही काढत?’ सुरुवातीच्या सीटीत खरं नुकसान दिसत नाही, हे त्यामागचं कारण. ग्रंथीचा कोणता भाग मेला आहे हे उमटायला तीन-चार दिवस जातात. निदानाबद्दलच शंका असेल तर पहिल्या दिवशीही सीटी काढावा लागतो. एरवी तो रुग्ण सुधारत नसेल तेव्हा, थोडा थांबून काढलेला बरा. तसंच लायपेजच्या आकड्याचं. २,४०० म्हणजे ८०० च्या तिप्पट गंभीर, असं अजिबात नाही. आकडा निदान सांगतो, तीव्रता सांगत नाही, आणि तो रोज तपासत बसण्याने बिलाखेरीज काही वाढत नाही.

कारण शोधायला मात्र पहिल्याच दिवशी सोनोग्राफी हवी. बाईंच्या पित्ताशयात बारीक खड्यांचा चुरा दिसतो. स्वादुपिंड दिसत नाही, कारण आतड्यातल्या गॅसने ते झाकलंय, आणि हे नेहमीचंच आहे. यकृताच्या तपासणीत एएलटी ३१०. पहिल्या दोन दिवसांत एएलटी १५० च्या वर असेल तर कारण खडाच असण्याची दाट शक्यता असते. दारूच्या सुजेत तो सहसा इतका चढत नाही.

उपचार ऐकायला साधे आहेत. वेदनाशामक, सलाईन आणि लक्ष. स्वादुपिंडाची सूज थेट उतरवणारं औषध अजून नाही. त्यामुळे सलाईन किती द्यायचं, या प्रश्नावर डॉक्टरांचं सगळं कौशल्य पणाला लागतं. रक्तवाहिन्या पाझरतात तर भरपूर पाणी ओता, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. ‘वॉटरफॉल’ नावाच्या चाचणीने २०२२ मध्ये हा समज मोडला. भारत, इटली, मेक्सिको आणि स्पेनमधल्या रुग्णालयांतल्या २४९ रुग्णांवर ती झाली आणि मध्येच थांबवावी लागली. भरपूर सलाईन दिलेल्या गटात २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी साचलं, मोजकं दिलेल्या गटात ६.३ टक्के. आजाराच्या तीव्रतेत फायदा काही दिसला नाही.

मोजकं म्हणजे किती? शरीर कोरडं पडलेलं असेल तर किलोमागे १० मिलिलिटर सुरुवातीला, म्हणजे आपल्या बाईंना ६०० मिलिलिटर. त्यानंतर किलोमागे ताशी दीड मिलिलिटर, म्हणजे ताशी ९०, दिवसाला साधारण दोन लिटर. बाटली शक्यतो रिंगर लॅक्टेटची. लघवी ताशी ३० मिलिलिटरच्या वर राहते का, नाडी उतरते का, रक्तातला युरिया चढतो की घसरतो, हे पाहत वेग कमी-जास्त करायचा. रात्रपाळीच्या नर्सने लिहिलेला लघवीचा तक्ता इथे कुठल्याही महागड्या स्कॅनइतका मोलाचा ठरतो.

जेवणाबद्दलही जुनी शिकवण बदलली आहे. पूर्वी दुखणं पूर्ण थांबून लायपेज उतरेपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवत. आता उलट्या थांबल्या आणि भूक लागली की दुसऱ्याच दिवशी हलकं, कमी तेलाचं जेवण सुरू करतात. आतडं रिकामं ठेवलं तर त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि तिथले जंतू रक्तात व सुजलेल्या ग्रंथीत शिरायला वाट मिळते. बाई मंगळवारी मऊ भात आणि पातळ वरण खातात. बुधवारी एएलटी निम्म्यावर आलेला असतो, डोळे पांढरे होतात. खडा पुढे निघून गेल्याची ही खूण. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका साफ करण्याची, म्हणजे ईआरसीपीची, गरज राहिलेली नाही. थंडी वाजून ताप आणि कावीळ, म्हणजे नळीत जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं असती, तर ती तातडीने करावी लागली असती. अँटिबायोटिकही दिलेलं नाही. संसर्ग नसताना ‘खबरदारी म्हणून’ दिलेलं अँटिबायोटिक या आजारात उपयोगी पडत नाही.

गुरुवारी बाई वॉर्डात फिरत असतात. आणि इथे गोष्टीतला सगळ्यात नाजूक क्षण येतो. सर्जन सांगतात, घरी जाण्याआधी दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू. घरचे चक्रावतात. ‘आता आईला काहीच दुखत नाही. खडा तर पडून गेला म्हणता. मग ऑपरेशन कशाला? आधी ताकद येऊ द्या, दिवाळीनंतर बघू.’

एक खडा गेला, कारखाना मात्र जागेवर आहे. त्या चुऱ्यातला दुसरा कण उद्या निघेल की सहा महिन्यांनी, हे कुणीच सांगू शकत नाही. नेदरलँड्समध्ये या प्रश्नावर ‘पाँचो’ नावाची चाचणी झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सौम्य सूज येऊन गेलेल्या रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं, दुसऱ्याचं घरी पाठवून साधारण महिनाभराने. थांबलेल्या गटातल्या १७ टक्के रुग्णांना सहा महिन्यांच्या आत खड्याच्या त्रासाने पुन्हा दाखल व्हावं लागलं किंवा मृत्यू आला. लगेच ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. ऑपरेशन लवकर केल्याने ते अधिक धोक्याचं झालं नाही. दुसरी सूज पहिलीइतकी सौम्य असेल, याची हमी कुणी देत नाही.

खडे विरघळवण्याच्या गोळ्या, लिंबू आणि ऑलिव्ह तेलाचे प्रयोग, एक महिना पथ्य, यांपैकी कशानेही तो धोका टळत नाही. सूज गंभीर असेल, स्वादुपिंडाभोवती पाणी जमलं असेल, तर मात्र सर्जन स्वतःच काही आठवडे थांबतात, कारण सुजलेल्या जागेत हात घालणं घातक असतं. ‘थांबू या’ हा सल्ला या दोन कारणांपैकी कोणत्या कारणासाठी दिला जातोय, की केवळ ऑपरेशनच्या यादीत जागा नाही म्हणून, हे नातेवाइकांनी विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्रात आणखी एका गटाने सावध राहायला हवं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार असलेली कुटुंबं आहेत. या आजारात तांबड्या पेशी सतत फुटत राहतात, त्यांतलं रंगद्रव्य पित्तात उतरतं आणि काळे खडे लहान वयातच तयार होतात. सिकलसेलच्या रुग्णाला पोटदुखी नवी नसते. त्यामुळे स्वादुपिंडाची कळही ‘सिकलचाच त्रास’ म्हणून खपून जाऊ शकते. अशा मुला-माणसांच्या पोटदुखीत लायपेज आणि सोनोग्राफी आठवणीने करायला हवी.

आता दारू. इथे गोष्ट खड्याइतकी सरळ नाही. दारू कुठली नळी अडवत नाही. ती स्वादुपिंडाच्या पेशींना वर्षानुवर्षं हळूहळू इजा करते, रस घट्ट करते, आणि मग एखाद्या जोरदार बैठकीनंतर गाडं अडतं. दुखणं पुष्कळदा पिताना सुरू होत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, उतरल्यावर येतं. त्यामुळे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो की ‘काल तर मी घेतलीच नव्हती.’

‘मी रोज एकच क्वार्टर घेतो, जास्त नाही’ हे वाक्य पोटविकारतज्ज्ञांना पाठ झालेलं असतं. त्या क्वार्टरचा हिशेब करून पाहावा. व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे तीत ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. रोज जवळपास एवढंच प्रमाण पाचेक वर्षं पोटात जात राहिलं की स्वादुपिंडाचा धोका ठळकपणे वाढतो, असं या विषयावरचे अभ्यास सांगतात. जास्त पिणाऱ्या सगळ्यांनाच हा आजार होत नाही. शंभरातल्या जेमतेम पाचांना होतो. म्हणून तर ‘अमका आयुष्यभर प्यायला, त्याला काही झालं नाही’ हा दाखला प्रत्येक गावात तयार असतो. त्या पाचांत कोण असेल हे आधी ओळखण्याची तपासणी नाही. एक गोष्ट मात्र नक्की ठाऊक आहे. सोबत सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. बिडी-सिगारेट स्वादुपिंडाला स्वतंत्रपणेही इजा करते, पण वॉर्डात दारूवर व्याख्यान देणारे बरेच जण सिगारेटबद्दल बोलायचं विसरतात.

दारूच्या पहिल्या झटक्यानंतर पिणं चालू राहिलं तर झटके पुन्हा येतात. हळूहळू ग्रंथी आकसते, तिच्यात खडे साठतात, आणि दुखणं कायमचं मुक्कामाला येतं. रस कमी पडल्याने चरबी पचत नाही, शौच तेलकट होऊन पाण्यावर तरंगते, वजन उतरतं. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की मधुमेह जडतो, आणि तो सांभाळायला नेहमीच्या मधुमेहापेक्षा अवघड असतो.

खड्याला ऑपरेशन आहे, दारूला काय? फिनलंडमधल्या टाम्पेरे इथल्या डॉक्टरांनी या प्रश्नावर एक अगदी कमी खर्चाचा प्रयोग केला. दारूमुळे पहिला झटका आलेल्या १२० रुग्णांशी रुग्णालयातच अर्धा तास नीट बोलणं झालं. त्यांतल्या निम्म्यांना पुढे दर सहा महिन्यांनी बोलावून तेच बोलणं पुन्हा केलं, बाकीच्यांना नाही. बोलणारी होती प्रशिक्षित नर्स. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत पुन्हा झटका आला तो पुन्हा पुन्हा बोलावलेल्यांपैकी ८ टक्क्यांना, आणि एकदाच समजावून सोडून दिलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. आपल्याकडे ‘दारू सोडा’ ही ओळ डिस्चार्ज कार्डावर छापलेली असते आणि विषय तिथेच संपतो. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केल्यावर हातापायांना कंप, भ्रम, झटके येऊ शकतात. त्यामुळे दाखल झाल्या दिवशीच डॉक्टरांना खरं प्रमाण सांगितलं पाहिजे. बायको समोर असताना नवरा ते सांगत नाही, आणि वडिलांसमोर मुलगा सांगत नाही. शहाणे डॉक्टर सगळ्यांना बाहेर पाठवून विचारतात.

गंभीर आजाराचं थोडक्यात सांगायचं तर, वेळ महत्त्वाची ठरते ती दोनदा. पहिल्या दोन दिवसांत श्वास, रक्तदाब किंवा मूत्रपिंड बिघडून ४८ तासांनंतरही सुधारलं नाही, तर तो आजार गंभीर गणला जातो आणि अशांपैकी साधारण तिघांतला एक दगावतो. अशा रुग्णाला अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी लवकर हलवणं हाच शहाणपणा. दुसरी वेळ येते दोन-चार आठवड्यांनी, मेलेल्या भागात जंतू शिरले तर. पूर्वी अशा वेळी पोट उघडून तो भाग काढत आणि त्यात पुष्कळ माणसं जात. आता आधी फक्त एक नळी घालून पू बाहेर काढतात आणि सूज आपली भिंत तयार करेपर्यंत शक्य तितकं थांबतात. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका चाचणीत असं केलेल्या ३५ टक्के रुग्णांना पुढे कुठल्याच शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. घरच्यांना हे थांबणं हलगर्जीपणा वाटतं. ‘ऑपरेशन का करत नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तर, घाईने केलेलं ऑपरेशन या आजारात मारतं, हे आहे.

घरी काय करायचं, याची यादी छोटी आहे. पोटाच्या वरच्या भागात सुरू झालेली, पाठीत जाणारी कळ उलट्यांसह काही तास टिकली, तर सोडा-ओव्याची दुसरी फेरी करू नये. दुखणं दाबणाऱ्या इंजेक्शनवर घरी परत येऊ नये, ईसीजी आणि लायपेज होईल अशा ठिकाणी त्याच दिवशी जावं. पित्ताशयात खडे आहेत हे आधी माहीत असेल तर जुना सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्यावा. बरं झाल्यावर काही महिन्यांनी रक्तातली साखर एकदा तपासून घ्यावी, कारण काहींना या आजारानंतर मधुमेह सुरू होतो.

आणि रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्ड वाचावं. ‘ॲक्यूट पँक्रियाटायटिस’ हे निदान झालं, त्यापुढे कारण लिहिलेलं असायला हवं. खडा असेल तर ऑपरेशनची तारीख, दारू असेल तर पुढच्या भेटीची तारीख, आणि दोन्ही नसतील तर ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियमचे आकडे. ती जागा कोरी असेल तर पिशवी उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.